पाचाचे आठ

आत्याच्या नाकावर माशी बसलेली एक वेळ चालायची, पण पानावर चुकीचा अनुस्वार बसलेला चालायचा नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागद असो, वाण्याच्या दुकानातली पाटी असो, की भावाने घाईघाईत लिहून ठेवलेली चिठ्ठी असो, तिचा डोळा आधी चुकीवर जाऊन थांबायचा आणि मग मजकुराकडे वळायचा. भाऊ म्हणायचा, "ताई, तू मेलीस तरी आधी स्मशानातली पाटी दुरुस्त करशील." त्यावर ती शांतपणे म्हणायची, "पाटी बरोबर असेल तर नाही करणार."

उभी हयात तिने एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली. शाईच्या वासाने भरलेली लांब खोली, तिच्या एका टोकाला खिडकीपाशी तिचं टेबल, आणि दुसऱ्या टोकाला शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी. तो ओळी जुळवायचा, ही त्यातल्या चुका काढायची. वर्षानुवर्षं दोघं असे भांडले, की नवीन माणसाला वाटावं नवराबायको आहेत. तिचं लग्न झालेलं नव्हतं, त्याची बायको घरी होती, आणि दोघांमध्ये काना, मात्रा, वेलांटी यापलीकडे काही नव्हतं. पण रोज दुपारी तो आपल्या डब्यातलं झाकणभर काहीतरी तिच्या टेबलावर आणून ठेवायचा आणि म्हणायचा, "यातली चूक काढा बघू."

त्या छापखान्यातून एक साप्ताहिक निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर एक चौकोन रिकामा राहायचा. जाहिरात आली नाही की मालक डोक्याला हात लावायचा. एकदा आत्याने त्या चौकोनासाठी एक कोडं लिहून दिलं आणि खाली छापलं, 'उत्तर पुढच्या अंकी'. पुढच्या आठवड्यात वाचकांची उत्तरं पोस्टाने आली. मग तो चौकोन तिचाच झाला. कोडी ती स्वतः रचायची. 'सगळे घरात असले की रिकामं लोंबतं, सगळे बाहेर गेले की एकटं राखण करतं' हे तिचंच. कुलपाचं. तिचं नाव कुठे छापलं जात नसे, पण बाजारात दोन माणसं त्या कोड्यावर हुज्जत घालताना दिसली की ती भाजी घ्यायचं विसरून मागे उभी राहायची.

छापखाना बंद पडला, नोकरी संपली, आणि आत्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. घरात भाऊ, त्याचा मुलगा आणि सून. वहिनी आधीच गेलेली. कोणी तिला वाईट वागवत नसे. पण तिला कोणी काही विचारतही नसे. ती बोलायला लागली की भाऊ टीव्हीचा आवाज वाढवायचा नाही, नुसता रिमोट हातात घ्यायचा. आत्या गप्प व्हायची. डोळ्यांपुढे हळूहळू धुकं साचत चाललं होतं, वाचणं होत नव्हतं, त्यामुळे चुका काढायलाही काही उरलं नव्हतं.

पुतण्या व्हिडिओ कापायचं-जोडायचं काम करायचा. दुसऱ्यांच्या जाहिराती सजवून सजवून कंटाळला आणि त्याने स्वतःचं चॅनल काढलं. मोबाइलवर उभे दिसणारे, मिनिटाच्या आत संपणारे छोटे व्हिडिओ. कोडं विचारायचं, मग पडद्यावर एक गोल घड्याळ टिकटिक करत रिकामं होऊ द्यायचं, मग उत्तर. 'उत्तर आधीच ओळखलंत? कमेंटमध्ये लिहा.' चित्रं कुठून तरी घेतलेली, आवाज यंत्राचा. कुत्रंही फिरकत नव्हतं.

एके दिवशी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर आत्या त्याच्या बायकोला विचारत होती, "जाळं विणतो पण मासे धरत नाही, घर बांधतो पण दार ठेवत नाही. ओळख."

सून भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "सांगू नका हं! थांबा." आत्या थांबली. एक भुवई वर, ओठ मिटलेले, डोळ्यांत अशी चमक की जणू उत्तर तिने मुठीत धरलंय आणि मूठ आता उघडणार. सून विचार करत होती, पाणी ठिबकत होतं, आणि पुतण्या हातात पेला घेऊन तसाच उभा होता. त्यालाही उत्तर हवं होतं.

"कोळी," आत्या म्हणाली.

"आत्या," पुतण्या म्हणाला, "हे पुन्हा सांगशील? माझ्या खोलीत, खिडकीपाशी?"

तिथून सगळं सुरू झालं. त्याने खिडकीसमोर खुर्ची मांडली, समोर गोल दिवा लावला, तिच्या कॉलरला सुपारीएवढा माइक अडकवला. शिकवणारा तो आणि शिकणारी ती. "पहिल्या दोन सेकंदांत प्रश्न सुरू झाला पाहिजे, आत्या. 'नमस्कार, मंडळी' वगैरे नको. तेवढ्यात माणसाचं बोट व्हिडिओ वर ढकलून मोकळं होतं."

"नमस्कारसुद्धा नको?"

"नमस्कार तर मुळीच नको. प्रश्न विचारलास की भिंगात बघायचं आणि गप्प बसायचं. वर मी घड्याळ लावतो. घड्याळ संपलं की उत्तर, एका शब्दात. उत्तर आलं की लगेच संपवायचं."

"का रे? समजावून नको सांगायला?"

"समजलं नाही तर परत बघतात. परत बघितलं पाहिजे."

आत्याला हे पटलं. पूर्वी लोक आठवडाभर थांबायचे, आता पाच सेकंद थांबतात. थांबतात हे महत्त्वाचं. ती सकाळी लवकर आवरून, केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून तयार राहू लागली. एका बैठकीत ती पुष्कळ कोडी सांगायची. गप्प बसण्याचा भाग पुतण्या दोन-दोनदा घ्यायचा. "भुवई जरा वर. हसू दाबून धर. हां, अस्संच." कोळ्याच्या कोड्याला त्याने आणखी एक ओळ जोडून घेतली, "त्याला पाय किती?" आणि घड्याळानंतर आत्या ठासून म्हणाली, "आठ!"

सुरुवातीचे व्हिडिओ त्याने तिला मोठ्या पडद्यावर दाखवले. स्वतःचा धूसर चेहरा आणि खणखणीत आवाज. आत्या लाजली. "दात किती दिसतात माझे," म्हणाली. पुढे त्याला वेळ होईना आणि तिला विचारायला संकोच. तिच्याकडे बटणांचा साधा फोन होता, त्यात नुसतं बोलता यायचं. मग सून रोज जेवणानंतर तिच्या खोलीत यायची आणि आपल्या मोबाइलवरून लोकांनी काय लिहिलं ते वाचून दाखवायची.

"ही बघा, एकीने लिहिलंय, 'आजी, तुमचा आवाज ऐकला की माझ्या आईची आठवण येते.'"

"पुन्हा वाच."

सून पुन्हा वाचायची.

"आणि उत्तरं? बरोबर येतात का उत्तरं लोकांची?"

"येतात की. पुष्कळांची."

त्या दिवसांत आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. भावाने रिमोट हातात घेतला तरी ती बोलणं थांबवेना. रस्त्यात लोक तिला ओळखू लागले होते. कोपऱ्यावरची पोरं तिला पाहून हातांची आठ बोटं दाखवायची आणि खिदळायची. तिला वाटलं, कोळ्याचं कोडं फार आवडलंय. तीही हसून आठ बोटं दाखवायची.

धुकं वाढलं तेव्हा ती एकटीच डोळे दाखवायला गेली. दवाखान्यात आधी नंबर तपासणारा तरुण बसलेला असतो, त्याच्याकडे तिला पाठवलं. अंधारी खोली, समोर उजळलेल्या पाटीवर अक्षरं. त्याने तिच्या नाकावर ती जाडजूड, गोल, लोखंडी चौकट चढवली, जिच्यात एकेक काच घालून बघतात. मग दिव्याखाली तिचा चेहरा बघून तो मागे सरला.

"अरेच्चा! तुम्ही आठ आत्या ना?"

"कोण?"

"आठ आत्या! अहो, आमच्या घरी सगळे बघतात तुम्हाला." त्याने हात वर करून पंजा दाखवला. "सांगा, किती बोटं? आठ?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की बाहेरची बाई डोकावून गेली. "रागावू नका हं. पण ते बहिणींचं तुम्ही कमालच केलीत. आणि वर काय तो आत्मविश्वास!"

"कुठलं बहिणींचं?"

त्याने खिशातून मोबाइल काढला. व्हिडिओ लावला आणि तिच्या हातात दिला. चौकटीत तेव्हा योग्य काचा बसल्या होत्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आत्याला सगळं लख्ख दिसत होतं.

पडद्यावर ती स्वतः होती. 'एका घरात चार बहिणी. प्रत्येक बहिणीला एक भाऊ. तर त्या घरात एकूण भावंडं किती?' हे कोडं तिला आठवत होतं. साधं होतं, पण त्यात खोच होती. चौघींचा भाऊ एकच, म्हणून पाच. चार भाऊ धरणारा फसतो. पडद्यावरची आत्या भुवई उंचावून गप्प बसली. घड्याळ टिकटिकलं. मग ती ठासून म्हणाली, "आठ!" आणि खाली मोठ्या अक्षरांत आलं, 'उत्तर: ८'. मग तिचं ते हसू. जिंकल्याचं.

"मी पाच म्हटलं होतं," आत्या म्हणाली.

"असू द्या हो. होतं असं." तरुणाने खालचं पान बोटाने वर सरकवलं. "मजा तर इथे आहे. वाचा."

आत्याने वाचलं. ती उभा जन्म वाचतच आली होती, तिला थांबता आलं नाही.

'म्हातारीला कोणीतरी पहिलीत घाला.'

'चुकणं वेगळं, पण चेहरा बघा, चुकीचा गर्व आहे बाईला.'

'आमच्या आजीचंही असंच सुरू झालं होतं. मग ती कपडे घालायचं विसरायला लागली.'

'हिचं घर कोण चालवतं? तिथेही पाचाचे आठ होतात का?'

'मेंदू खिळखिळा, दात मात्र शाबूत.'

पान संपतच नव्हतं. हजारो माणसं तिला बरोबर उत्तर समजावून सांगत होती. कोणी प्रेमाने, कोणी शिव्या देऊन, कोणी बोटं मोजण्याची चित्रं टाकून. सगळ्यांच्या वर, टाचणी लावून ठेवल्यासारखं, चॅनलच्याच नावाने लिहिलेलं होतं: 'मी बरोबरच आहे. ज्यांना आठ येत नाही त्यांनी परत शाळेत जावं. — तुमची आत्या.'

आईची आठवण काढणारी बाई कुठेच नव्हती. आत्या शोधत खाली खाली जात राहिली. त्याऐवजी तिला जुळारी सापडला. त्याचा फोटो होता, टक्कल पडलेलं, तरी जिवणी तीच. त्याने लिहिलं होतं: 'बाई, तुम्ही स्वल्पविरामसुद्धा सुटू देत नव्हता. बऱ्या आहात ना? काळजी वाटली म्हणून लिहितो.'

त्याखाली उत्तर होतं, तिच्याच नावाने: 'काका, माझी काळजी सोडा, आधी स्वतः मोजायला शिका. — तुमची आत्या.' त्या उत्तराला हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

"आजी, चौकट काढू का? पुढचे पेशंट थांबलेत," तरुण म्हणाला.

घरी ती गेली नाही. जुळाऱ्याचं घर तिला माहीत होतं. पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागले तरी ती थांबली नाही. दार त्यानेच उघडलं. तिला पाहून तो बाजूला झाला. घरात एकटाच होता. बायको मुलीकडे गेली होती म्हणे. त्याने चहा ठेवला, पण झाकण भरून काही पुढे केलं नाही.

"ते तुम्हाला लिहिलेलं मी लिहिलेलं नाही," आत्या म्हणाली. "पुतण्याने लिहिलंय. आणि आठ मी म्हटलंच नाही. मी पाच म्हटलं होतं. आठ कोळ्याचे आहेत. पायांचे. त्याने तिथून कापून इथे लावलेत."

"बरं, बरं."

"बरं काय? चार बहिणी, भाऊ एकच. पाच."

"हो, पाचच." जुळाऱ्याने मान हलवली. त्याचा आवाज मऊ झाला होता. छापखान्यात एवढी वर्षं तो तिच्याशी कधी मऊ बोलला नव्हता. एका वेलांटीसाठी त्याने तिच्यावर शाईचं फडकं फेकलं होतं. "तुम्ही म्हणता तर पाचच असणार, बाई. चहा घ्या. गरम आहे, सावकाश हं."

"तुम्हाला पटत नाही?"

"पटतं की. आता कोळी वगैरे नका मनात आणू. वय झालं की होतं असं. माझ्या थोरल्या भावाचंही झालं होतं. त्यालाही वाटायचं, घरचे लोक त्याचे शब्द बदलतात." त्याने बशी तिच्याकडे सरकवली. "कोणी आहे का सोबत? पोचवायला येऊ?"

आत्याने कप खाली ठेवला. आपण जेवढं खरं सांगू तेवढं ते अधिकच खोटं वाटणार, हे तिला कळून चुकलं. तिने त्याला आणखी समजावलं नाही. उतरताना तो कठड्याला धरून वरून बघत होता आणि म्हणत होता, "सांभाळून, बाई. पायरी आहे. अजून एक पायरी आहे."

संध्याकाळी घरात सगळे असताना तिने विषय काढला. आवाज चढवला नाही. "पाच म्हटलं ते कुठे आहे?" एवढंच विचारलं.

पुतण्या आधी गडबडला, मग सरसावून बसला. "आत्या, बस. दाखवतो." त्याने पडद्यावर आलेख काढला. "हे बघ, बरोबर उत्तरांचे व्हिडिओ. लोक बघतात, मनात उत्तर देतात, जुळलं की पुढे जातात. कोणी दोन शब्द लिहीत नाही. का लिहितील? आणि हा आठवाला. चूक दिसली की माणसाला राहवत नाही. तो लिहितोच. तो लिहीत असतो तेव्हा मागे व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरत राहतो. मग तो आणखी लोकांना दाखवला जातो. ते पण लिहितात. तुला तर कळायला हवं, आत्या. तूच नाही का, चूक दिसली की जेवण टाकून उठायचीस?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तो चेहरा आला असता का?" तो अगदी मनापासून म्हणाला. "खात्री हवी चेहऱ्यावर. तुझ्यासारखी खात्री कोणाला आणता येत नाही."

भाऊ खुर्चीतून म्हणाला, "ताई, लोक हसतातच ना? दगड तर नाही मारत. घरात चार पैसे येतात, तू कशाला पाचाचं घेऊन बसतेस!" आणि त्याला स्वतःचीच कोटी कळून तो हसला.

आत्या सुनेकडे वळली. "आईची आठवण येते, असं लिहिणारी?"

सून बोटांशी चाळा करत राहिली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून," ती म्हणाली. "मीच रचायची."

"सगळी?"

"सगळी नाही. एक होती." तिने बराच वेळ आठवल्यासारखं केलं. मग म्हणाली, "नाही, तीही मीच."

आत्याने एकच अट घातली. खरं काय ते कॅमेऱ्यासमोर सांगायचं आणि ते चॅनलवर टाकायचं. पुतण्याने लगेच मान्य केलं. इतक्या लगेच की आत्याला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या सकाळी ती खिडकीपाशी बसली, माइक स्वतःच अडकवला आणि म्हणाली, "मी पाच म्हटलं होतं. माझा आवाज कापून तिथे आठ लावले आहेत. काकांना उलट उत्तर मी दिलेलं नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासायची. चार बहिणींना एक भाऊ असेल तर भावंडं पाच होतात, हे मला कळतं." पुतण्याने एक शब्द कापला नाही. जसंच्या तसं टाकलं.

दवाखान्यातून नवा चष्मा आला होता. सुनेचा मोबाइल मागून घेऊन तिने स्वतःच वाचलं.

'आता एडिटिंगवर ढकलते! जवाब नहीं आत्याचा.'

'कोणीतरी शिकवून बसवलेलं दिसतंय, बिचारीला काही कळत नाही.'

'चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आजी.'

'आठ ते आठच!'

जुळाऱ्याने हा व्हिडिओ पाहिला की नाही, ते कळलं नाही. त्याने काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी चॅनलवर एवढी गर्दी झाली की पुतण्याने बाहेरून जेवण मागवलं. आत्यासाठीही एक डबा होता. तिने तो उघडला नाही.

"मी यापुढे बसणार नाही," तिने सांगितलं.

"नको बसूस," पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी नव्हती. "तू थकली आहेस, आत्या. आराम कर."

आपल्या नकाराचं त्याला काहीच कसं वाटलं नाही, हे तिला पुढच्या आठवड्यात कळलं. सून भाजी निवडत बसली होती आणि तिच्या मोबाइलवर एक नवं कोडं लागलं होतं. प्रश्न यंत्राच्या आवाजात, वर मोठ्या अक्षरांत. आणि खाली आत्या. भुवई वर, हसू दाबलेलं, ओठ मिटलेले. टिकटिक. मग एक धडधडीत चुकीचं उत्तर, तेही यंत्राच्याच आवाजात. मग आत्याचं हसू.

ते कोडं आत्याने कधी विचारलंच नव्हतं. पण गप्प बसलेली आत्या कुठल्याही कोड्याला चालत होती. पुतण्याने तिचं गप्प बसणं दोन-दोनदा घेऊन ठेवलं होतं, वेगवेगळ्या कपड्यांत, वेगवेगळ्या उजेडात. अजून कित्येक वर्षं पुरेल एवढं.

तिने त्याला एकदा सांगून पाहिलं, ते काढून टाक. तो म्हणाला, "तुझं एकही वाक्य नाही त्यात. मी तुझ्या तोंडी काहीच घालत नाही आता." आणि यात चूक कुठे आहे ते आत्याला नेमकं दाखवता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच तिला चूक दिसत होती, पण तिच्यावर बोट ठेवता येत नव्हतं. भाऊ म्हणाला, "मिटलं ना एकदाचं?" तिने मान हलवली. दुसरं घर तिला नव्हतं.

तिने केस कापून टाकले, अगदी कानाच्या वर. चष्म्याची चौकट जाड, काळी घेतली. कोपऱ्यावरची पोरं तिला ओळखेनाशी झाली. पडद्यावरची आत्या लांब केसांची, बिनचष्म्याची, इस्त्रीच्या कपड्यांतली, तशीच राहिली. सुनेने जेवणानंतर तिच्या खोलीत येणं बंद केलं. वाचून दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात व्हिडिओचे आवाज सुरू झाले की आत्या बाहेर पडायची आणि जवळच्या बागेत बाकावर जाऊन बसायची.

तिथे दुपारी समोरच्या इस्पितळातली एक आया डबा खायला यायची. अंगाने भरलेली, बोलकी, पायांत कायम सुजेसाठीचे घट्ट मोजे. रोजच्या भेटीने दोघींचं जमलं. आया आपल्या वॉर्डातल्या गोष्टी सांगायची, आत्या ऐकायची. एकदा आयेने डब्यातल्या फळाच्या फोडी पुढे केल्या आणि म्हणाली, "घ्या हो आजी. नुसत्या बसता तुम्ही. कोणी नाही का घरी?"

"आहेत," आत्या म्हणाली. "सगळे आहेत."

जेवता जेवता आयेने मोबाइल मांडीवर उभा केला आणि ती फसकन हसली. "ही बया बघितलीत का कधी? रोज चुकते. डोक्याने गेलीय म्हणतात. पण माझा दिवसभराचा शीण जातो बघा." तिने मोबाइल आत्याकडे वळवला.

आत्याने चष्मा सावरून पाहिलं. खिडकीतून सकाळचा उजेड आला होता. त्या दिवशी तिने निळा कुर्ता घातला होता. पहिल्याच बैठकीतला. वर अक्षरांत कोडं होतं आणि गोल घड्याळ रिकामं होत होतं.

"सांगा, सांगा लवकर," आया म्हणाली. "तिच्या आधी सांगायचं."

आत्याने उत्तर सांगितलं. घड्याळ संपलं, भलतंच उत्तर आलं, आणि पडद्यावरची बाई जिंकल्यासारखी हसली.

"बघा! तुम्हाला आलं, आणि हिला नाही!" आयेने आत्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "केवढ्या हुशार तुम्ही. आणि ही बघा, हसते कशी मेली."

"तुम्ही काय लिहिता तिला?" आत्याने विचारलं.

"मला कुठे लिहायला येतंय एवढं. मी नुसता हसणारा चेहरा टाकते. टाकू?"

आत्याने फळाची फोड उचलली. "टाका," ती म्हणाली.

आयेने बोट टेकवलं, मोबाइल पदराला पुसला आणि उरलेल्या फोडी आत्याच्या बाजूला सरकवल्या.